मदत हवी आहे: ड्रोनच्या फोटोतला कळप मेंढरांचा की काळविटांचा?

बांधावरचा (करमाळा): रात्रीत हरभरा शेंड्यापासून खाल्लाय. आज सकाळी भाच्यानं ड्रोन उडवला तर शेजारच्या पडीक रानात वीस-पंचवीस जनावरं दिसली. वरून नुसते ठिपके. निम्मं गाव म्हणतंय मेंढरं, निम्मं म्हणतंय काळवीट. काळवीट असतील तर वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करायचा, मेंढरं असतील तर वाड्यावर जाऊन बोलायचं. उगाच कुणावर आळ नको. फोटो जोडलाय. लवकर सांगा, उद्या पंचनामा आहे.

आकाशातून: काळवीटच. सात-आठ ठिपके चक्क काळे आहेत. नर काळे असतात.

खांडेकरी: दादा, आमची दख्खनी मेंढरं काळीच असतात की. रंगावरून धनगराला धरू नका.

माळरान: रंग बाजूला ठेवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय का? रुंदी १६०० पिक्सेलच दिसतेय. ड्रोन किती उंचीवर होता, किती वाजता काढला?

बांधावरचा: भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवला. उंची १२० मीटर, वेळ साडेआठ. त्यानं काय फरक पडतो? जनावर तेच आहे ना?

माळरान: खूप पडतो. मूळ फोटो ५४७२ पिक्सेल रुंद असेल तर अशा कॅमेऱ्यात १२० मीटरवरून एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण ३.३ सेंमी. सव्वा मीटर लांबीचं जनावर ३७-३८ पिक्सेलांत येतं, कंबर नि मान ओळखता येते. तुम्ही टाकलेल्या फोटोत तेच ११ पिक्सेल उरतं. कार्डातला मूळ फोटो टाका.

उजनीकाठ: मला भिगवणला रोहित मोजताना हीच अडचण येते. पाण्यात पक्षी, सावली आणि प्रतिबिंब एकत्र दिसतात. दुपारी फोटो काढू नका, पाणी चमकतं.

खांडेकरी: इथं पाणी कुठंय? हरभऱ्याचं चाललंय.

बांधावरचा: मूळ फोटो टाकला. डाव्या कोपऱ्यात बांधावर उभा आहे तो भाचा, साडेपाच फूट.

आकाशातून: मग सोपं आहे. सावलीवरून उंची काढा, निकाल लागला.

माळरान: काढली. भाच्याची सावली १५७ पिक्सेल, एका उभ्या जनावराची पाठीपर्यंतची ७०. रान सपाट आहे, म्हणजे १६८ सेंमीच्या हिशेबानं जनावर ७५ सेंमी. पण निकाल लागत नाही. काळवीट साधारण तेवढंच, आणि मोठा मेंढाही फार मागं नसतो. उतारावर तर सावली लांबते किंवा आखूड होते, तिथं हे मापच धरू नये. सकाळच्या सावलीचा खरा उपयोग आकारासाठी. वरून फक्त पाठ दिसते, सावलीत मात्र जनावर बाजूनं दिसतं. बांधाकडून तिसऱ्या ठिपक्याची सावली मोठी करून पाहा: पाय बारीक, पायांमधून उजेड, मान वर काढलेली, डोक्यापुढं दोन लांब रेघा. मेंढराची सावली लोकरीमुळं जाड असते, पोटाखालची फट अरुंद, आणि चरताना मान खाली.

खांडेकरी: आमच्या खांडात शेळ्याही असतात. शेळी मान वर करते, शिंगंही असतात.

माळरान: बरोबर, म्हणून एका सावलीवर थांबलो नाही. अंतर बघा. मेंढरं एकमेकांना चिकटून चरतात, उन्हात तर एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालतात. या फोटोत दोन जनावरांमध्ये तीन-चार अंगांची मोकळी जागा आहे, तोंडं वेगवेगळ्या दिशांना. जवळ माणूस, कुत्रं, घोडं काहीच नाही.

आकाशातून: ड्रोनच्या आवाजानं पांगली असतील.

माळरान: ड्रोन खाली आला की काळवीट बहुधा रांगेनं पळतात, मेंढरं गोळा होतात. इथं दोन्ही नाही. तरी पहिल्या घिरटीचा फोटो असेल तर तोच धरा. एक गोष्ट मला खटकते. काळविटांच्या कळपात काळे नर सहसा एक-दोनच, बाकी माद्या नि पिल्लं तपकिरी. इथं काळे सात-आठ आहेत. नुसत्या नरांचा कळप असू शकतो, पण नऊ ठिपक्यांच्या सावल्या गवतात मोडल्यात, त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. नीट दिसतात ती काळवीट आहेत, एवढंच.

बांधावरचा: मग अर्जाला हा फोटो पुरेल ना?

माळरान: फोटो सकाळी पडीक रानात कोण होतं ते सांगतो. रात्री हरभऱ्यात कोण शिरलं ते नाही सांगत. सरीच्या ओल्या मातीत खूर शोधा, काळविटाचा अरुंद नि टोकदार, मेंढराचा बोथट. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा. आणि पंचनाम्याआधी तिथं कुणाला चालू देऊ नका.

खांडेकरी: लेंड्याही बघा. मेंढरं रात्रभर बसली असती तर सगळीकडं पडल्या असत्या.

बांधावरचा: निघालो. पाण्याच्या पाळीनं पूर्वेच्या सऱ्या अजून ओल्या आहेत.