लाजऱ्या मुलीच्या हाती गुणांची वही: पहिली पायरी की कायमची सुट्टी?

सांखळीची आई
मुलगी सातवीत. घरी बडबड करून डोकं उठवते, शाळेत तोंड उघडत नाही. गणेश चवथीनंतर हाऊसच्या खो-खोच्या मॅची आहेत. पीटीच्या सरांनी तिला गुण लिहायला बसवलंय, "हळूहळू खेळात आणू" म्हणाले. मला तर ही गोड शब्दांत दिलेली सुट्टी वाटते. एकदा वही हातात आली की ती मैदानात कशाला उतरेल? तुम्हाला काय वाटतं?

वाळपईकर
ताई, तुमचा संशय रास्त आहे. आमच्या वेळी सर नाव पुकारायचे आणि उतरावंच लागायचं. पहिल्या दिवशी पाय लटपटले, चौथ्या दिवशी विसरलो. घाबरणाऱ्या पोराला बाजूला बसवलं की त्याला एकच कळतं, चेहरा पाडला की सुटका होते. पुढच्या वेळी चेहरा आधीच पडतो. सरांना सांगा, वही काढून घ्या आणि नऊ जणींत घाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा विश्वचषक आपल्या मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही जिंकला. त्यातल्या कितीजणी लहानपणी लाजऱ्या असतील!

फोंड्याची पीटी टीचर
काकांचं अर्धं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. सुटका मिळाली की भीती वाढते. पण "नऊ जणींत घाला" म्हणजे नेमकं कुठे घाला? खो-खोत सगळ्या जागा सारख्या नसतात.

पाठलाग करताना आठ मुली चौकोनात बसलेल्या असतात, एक धावत असते. समोरच्या संघाची पळती निसटली तर चूक कुणाची हे बघणाऱ्याला चटकन कळतही नाही, ती नऊ जणींत वाटली जाते. संरक्षणाला मात्र तिघी-तिघी आत जातात. बाद झाली की पंचांची शिट्टी, पाठीवरचा नंबर पुकारला जातो आणि सगळ्यांसमोर चालत बाहेर यायचं. लाजऱ्या मुलीला घाबरवतं ते हे चालत येणं. म्हणून बसण्याची जागा आधी, पळती पुष्कळ नंतर.

माझ्याकडच्या एका सहावीतल्या मुलीचं सांगते. "खेळायला भीती वाटते" एवढ्यावर मी थांबत नाही, कशाची ते विचारते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "खो म्हणताना माझा आवाज फुटत नाही, सगळ्या हसतील." आता खो मागून आणि मोठ्याने द्यावा लागतो. पुटपुटला तर पंच फाउल देतात, पाठलाग उलटा फिरवावा लागतो आणि तेवढ्यात पळती लांब जाते. म्हणजे तिची भीती अगदीच हवेतली नव्हती. कामही मग त्याच ठिकाणी करायचं होतं.

पाऊस होता, मैदानात चिखल. व्हरांड्यात सगळ्यांना रांगेत बसवून एकदम "खो!" ओरडायला लावलं. मग तिघी मिळून, मग दोघी. तिच्या हातात वहीही दिली, पण ती दुसरी वही. खरे गुण मी लिहीत होते, तिची माझ्याशी ताडून बघायची. पळतीचा नंबर आणि बाद झाल्याची वेळ, एवढंच. अट एकच होती. प्रत्येक गडी बाद झाला की तिने म्हणायचं, "सात नंबर, एक मिनिट वीस." आधी फक्त मला ऐकू येईल असं, मग बाकावरच्या मुलींना ऐकू येईल असं. काम पायरी ठरायचं असेल तर ज्याची भीती आहे त्याचा चिमूटभर तरी भाग त्यात हवा. नुसती मान खाली घालून आकडे लिहायचे असतील तर ताई, तुमचा संशय बरोबर आहे.

पाऊस उघडल्यावर सरावात, चार मिनिटांच्या पाळीत, चौथ्या चौकोनात बसवली. खांबाजवळची जागा दिली नाही, तिथे वळायचं केव्हा, सूर मारायचा केव्हा हे क्षणात ठरवावं लागतं. मधे बसली की काम सोपं: खो मिळाला की उठायचं, दोन पावलं धावायचं, पुढच्या चौकोनाला खो द्यायचा, बसायचं. गडी बाद करायचा नाही असं मुद्दाम सांगितलं होतं.

आणि प्रत्येक वेळी आधी एका कागदावर दोन गोष्टी: दहापैकी भीती किती, आणि काय होईल असं वाटतं. पहिल्यांदा तिने नऊ लिहिलं आणि "सगळ्या हसतील". पाळी संपल्यावर काय झालं ते खाली तिनेच लिहिलं, "दोघी हसल्या, पण शेजारची चिखलात पडली म्हणून." एका वेळेत भीती गेली नाही, आठावर आली. तीच जागा, तेच काम पुन्हा पुन्हा केलं. पाच-चारावर येऊन ती स्वतःच कंटाळली तेव्हा पुढचं काम दिलं. आकडा आठावर असताना पुढे ढकललं तर मुलगी दात-ओठ खाऊन वेळ काढते, शिकत काही नाही.

मडगावचो बाबा
आमच्या मुलाचंही हेच! फुटबॉलला पाठवला, पंधरा मिनिटांत धापा टाकतो आणि बाजूला बसतो. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासलं, कमी निघालं. ताई, आधी रक्त तपासून घ्या. बीट, नाचणी चालू करा.

सांखळीची आई
दादा, तिचा दम चांगला आहे. वाड्यावर पोरांबरोबर काळोख पडेपर्यंत धावते. शाळेच्या मैदानावर लोक बघतात, तिथे गाडी अडते.

डिचोलीचा मामा
टीचर, तुमचं ऐकायला छान वाटतं. माझ्या भाचीला शाळेत असंच "सोपं" काम दिलं होतं, वर्गांच्या मॅचला वेळ बघायचं. शिट्टी दोन-तीन सेकंद उशिरा वाजली, तेवढ्यात एक गडी बाद झाला. दोन्ही वर्ग तिच्या अंगावर! पुढे कित्येक दिवस पीटी असली की पोटात दुखायचं. त्यापेक्षा चौकोनात बसवली असती तर कुणाचं लक्षही गेलं नसतं. या बाजूच्या कामांना कमी जोखमीची म्हणतो कोण?

फोंड्याची पीटी टीचर
मामा, भाचीला दिलं ते काम मॅचमधलं सगळ्यात जोखमीचं होतं. वेळाधिकारी चुकला तर निकाल बदलतो आणि चूक एकट्याच्या नावावर जाते. खऱ्या मॅचला वेळ आणि अधिकृत गुणपत्रिका मोठ्या माणसाच्याच हातात हवी. मुलीने चूक केली तर काय होईल हे आधी स्वतःला विचारायचं. उत्तर "काही नाही, मी दुरुस्त करीन" असं आलं तरच ते काम द्यायचं. सांखळीच्या ताईंनीही सरांना हेच विचारावं: तिची वही खरी की दुसरी?

कबड्डीचा लेखक
मी वीसेक वर्षं गावच्या मॅचींचे गुण लिहितोय. शाळेत असताना मीही असाच कोपऱ्यातला होतो, आणि कधी मैदानात उतरलो नाही. कुणाचं काही बिघडलं का? तुम्ही सगळे वहीला पायरी, आडोसा, सुट्टी असलं काही तरी म्हणताय. वहीत रस असेल तर तिला तिथेच का राहू देत नाही? प्रत्येकीने धावलंच पाहिजे असा नियम कुणी केला?

फोंड्याची पीटी टीचर
दादा, तुम्ही आवडीने राहिलात तर प्रश्नच नाही, चांगला लेखक मिळणं किती कठीण ते मला विचारा. पण आवडीने राहिली की भीतीने, हे ओळखता येतं. आवडीची मुलगी वहीत खोड्या काढते, कुणाची चढाई कुठे चुकली ते सांगते, आणि एखाद दिवशी गडी कमी पडला तर कुरकुरत का होईना उतरते. भीतीची मुलगी जिथे लिहायची गरजच नाही अशा सरावातही वही मागते. वही दुसरीला दिली की पाणी प्यायला जाते आणि तास संपेपर्यंत येत नाही. ताईंची मुलगी वाड्यावर काळोखापर्यंत खेळते. खेळ तिला आवडतो, हे मला त्यावरूनच दिसतं.

म्हणून वहीला तारीख हवी. किती सराव लिहायचं आणि कुठल्या दिवसापासून चौकोनात बसायचं, हे मुलीशी बोलून आधीच ठरवायचं. अचानक "चल, आज तू" म्हटलं की मागचं सगळं मुसळ केरात.

वाळपईकर
बरं, चौकोनापर्यंत आलो. पण मॅच म्हटली की संरक्षण आलंच. तेव्हा काय, दांडी मारायची?

फोंड्याची पीटी टीचर
बारा जणींचा संघ असतो, नऊ जणी मैदानात उतरतात. पहिल्या मॅचला ती उरलेल्या तिघींत असली तरी चालेल. मध्यंतरी सरावात पळती शिकवायची, आधी एकटीच, माझ्यासमोर. मग तिघींत, पण बघायला फक्त आपला वर्ग. मग दुसरा वर्ग व्हरांड्यात उभा असताना. प्रेक्षक ही वेगळी पायरी आहे, लोक हे विसरतात. सरावात पळणारी मुलगी मॅचला गोठते ती नव्वद टक्के प्रेक्षकांमुळे. (टक्का माझा अंदाजाचा, मोजलेला नाही.)

मॅचला मी अशा मुलीला तिघींच्या तिसऱ्या तुकडीत ठेवते. पुष्कळदा वेळ तिथवर संपत येतो, तिच्या वाट्याला मिनिट-दीड मिनिट येतं.

डिचोलीचा मामा
इथे मात्र टीचर, मी तुमच्याशी सहमत नाही. भाची नंतर दुसऱ्या शाळेत खेळली, तिसऱ्या तुकडीतच. ती म्हणते, आत गेल्यावर काही वाटत नाही, बाहेर बसून सहा जणी बाद होताना बघणं हाच छळ. एकेक बाद झाली की हात आणखी गार. शेवटी तिने स्वतःच पहिली तुकडी मागून घेतली. पहिल्या तिघी आधीच आत असतात, शिट्टी झाली की धावायचं, विचार करायला वेळ नाही.

फोंड्याची पीटी टीचर
हे पटण्यासारखं आहे. पण पहिल्या तुकडीतली लवकर बाद झाली तर संघ तिच्याकडे बघतो, म्हणून तिथे चिवट मुली ठेवायचा रिवाज आहे. मुलीलाच विचारावं, वाट बघणं जड की बाद होऊन येणं जड? जे जड ते ज्या तुकडीत येतं, ती तुकडी नंतरसाठी. माझ्या मुलींत दोन्ही प्रकारच्या निघाल्यात.

आणि ताई, एक विचारते. शाळेत अजिबातच बोलत नाही का? बाईंनी विचारलं तरी, मैत्रिणीशी सुद्धा? तसं असेल, किंवा पीटीच्या दिवशी उलट्या, शाळा बुडवणं चाललं असेल, तर हे मैदानावर सुटणारं नाही. शाळेत येणाऱ्या समुपदेशकांना आधी भेटा, पायऱ्या त्यांच्याशी बोलून ठरवा.

सांखळीची आई
मैत्रिणीशी बोलते, उलट्या वगैरे नाहीत. आज सरांना विचारलं. वही खरी आहे, आणि तारीख ठरलेली नाही. "बघू, ती तयार झाली की" म्हणाले.

वाळपईकर
बघा! मी काय म्हणत होतो?

फोंड्याची पीटी टीचर
काका, थांबा. ताई, सरांशी भांडू नका, त्यांच्याकडे एका तासाला पन्नास पोरं असतील. खरी वही त्यांनी स्वतःकडे घ्यावी, हिला दुसरी द्यावी, आणि चवथीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या सरावाला चौथ्या चौकोनात चार मिनिटं, एवढंच मागा. मुलीला आधी विचारून मग मागा.

कबड्डीचा लेखक
आणि चार मिनिटांनंतर तिला वहीच हवी असली तर?

सांखळीची आई
रात्री विचारलं. म्हणते, "चौथ्यात नको, पाचव्यात. चौथ्याच्या शेजारी ती बसते, ती चिडवते." हे मला आजवर माहीतच नव्हतं. आता चिडवणारीचं आधी बघायचं की चौकोन बदलायचा?

वाळपईकर
चौकोन कशाला बदलायचा? चिडवणारीला वही द्या.