मदत हवी आहे: संशयास्पद लॉगिननंतर अकाउंट फ्रीज करायला आणि लॉगिन हिस्ट्री मागायला ईमेल

निखिल_कोथरूड
आमच्या अकाउंटला काल पहाटे ३:५२ ला कुणीतरी लॉगिन केलंय. ठिकाण मुंबई दाखवतंय. आम्ही सगळे पुण्यात, गाढ झोपेत. पासवर्ड लगेच बदलला. कस्टमर केअरला फोन केला की नुसतं संगीत वाजतं. ईमेल केला, तर 'आपली तक्रार नोंदवली आहे' एवढंच उत्तर. अकाउंट ताबडतोब फ्रीज करा आणि लॉगिन हिस्ट्री द्या, असा कडक ईमेल कुणी लिहून देईल का? कलमंबिलमं घालून. आज शुक्रवार आहे, पुढे दोन दिवस कुणी भेटणार नाही.

सुमेधा_ग
कसलं अकाउंट ते तर सांगा! बँक, ईमेल की आणखी काही?

अण्णा_सदाशिव
जीमेल कॉम्प्युटरवर उघडा. यादीच्या अगदी खाली उजवीकडे 'Details' असं बारीक अक्षरात दिसेल. तिथे अलीकडच्या लॉगिनची यादी असते, ईमेलबिमेल काही करावा लागत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे मीच दाखवलं होतं.

निखिल_कोथरूड
अण्णा, जीमेल नाही हो. शेअर ब्रोकरचं अकाउंट आहे. ईमेलचा मजकूर देईल का कुणी?

रणजित_औंध
डिमॅट फ्रीज करा, विषय संपला. डिमॅट ज्याच्याकडे उघडलंय त्या डीपीकडे फॉर्म द्यायचा. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं, एक शेअर बाहेर गेला नाही.

मंजिरी_के
रणजित, तुमचं अर्धंच बरोबर आहे. डिमॅट गोठवलं की शेअर बाहेर जात नाहीत, पण ट्रेडिंग अकाउंटमध्ये पडलेले पैसे तसेच उघडे राहतात. ज्याच्या हाती लॉगिन लागतं तो शेअर चोरायच्या भानगडीत पडतोच असं नाही. ज्या ऑप्शनला कुत्रं विचारत नाही असा एखादा तो तुमच्या खात्यातून वाटेल त्या भावाने घेतो, आणि विकणारा त्याचाच माणूस असतो. पैसे रीतसर सौद्यातून जातात. म्हणून आधी ट्रेडिंग अकाउंट, डिमॅट नंतर.

निखिल, यासाठी सेबीचं जानेवारी २०२४ चं परिपत्रक आहे. ऑनलाइन ट्रेडिंग देणाऱ्या ब्रोकरला ग्राहकाच्या सांगण्यावरून अकाउंट गोठवायची सोय द्यावीच लागते, जुलै २०२४ पासून. त्यासाठी ईमेलचा पत्ताही वेगळा असतो: stoptrade@ आणि पुढे ब्रोकरचं डोमेन. कस्टमर केअरच्या पत्त्यावर पाठवलंत तर तुमचा ईमेल रांगेत जाऊन बसतो. बाजार चालू असताना विनंती पोचली तर पंधरा मिनिटांत गोठवायचं असतं, बाजार बंद झाल्यावर पोचली तर पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत. म्हणजे आज साडेतीनच्या आत पाठवा.

दोन गोष्टी सांगा. आधीचा ईमेल कुठल्या आयडीवरून गेला? आणि पोझिशन काही उघडी आहे का?

निखिल_कोथरूड
माझ्याच आयडीवरून. अकाउंट बाबांच्या नावावर आहे, बघतो सगळं मी. एक फ्युचर उघडं आहे. त्याचा इथे काय संबंध?

सुमेधा_ग
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं!

देशपांडे_बावधन
वडिलांचं अकाउंट मुलाने चालवायचं, पासवर्ड घरभर, आणि मग संशय मुंबईवर. छान.

मंजिरी_के
संबंध आहे. विनंती नोंदवलेल्या ईमेलवरून, नोंदवलेल्या मोबाइलच्या एसएमएसवरून किंवा ओळख पटेल अशा मार्गानेच धरतात. तुमच्या आयडीवरून गेलेल्या ईमेलवर त्यांनी अकाउंट गोठवलं असतं, तर उद्या कुणीही कुणाचंही गोठवेल. बाबांच्या आयडीवरून पाठवा.

फ्युचरचं असं आहे, की अकाउंट गोठवलं की लागून राहिलेल्या ऑर्डरी रद्द होतात, पण उघडी पोझिशन तशीच राहते. ब्रोकरने तिचा तपशील आणि एक्स्पायरी तासाभरात कळवायची असते. बंद होतो तो फक्त ऑनलाइन प्रवेश. मार्जिन कमी पडलं तर ब्रोकर पोझिशन कापू शकतो, आणि तुम्ही अॅपमधून काहीही करू शकणार नाही. फ्युचर ठेवायचं नसेल तर आधी काढा, मग ईमेल पाठवा.

मजकूर हा घ्या. कलमं घालू नका, वाचणाऱ्याला पहिल्या दोन ओळींत काम कळलं पाहिजे. तिथला बराचसा कारभार इंग्रजीत चालतो, तसं करून घ्या.

"विषय: ट्रेडिंग अकाउंट तातडीने गोठवण्याची विनंती, क्लायंट कोड अमुक.

माझ्या अकाउंटमध्ये अमुक तारखेला मी न केलेलं लॉगिन दिसलं आहे. अकाउंटचा ऑनलाइन प्रवेश आत्ता गोठवा, चालू असलेली सर्व सेशन आणि जोडलेल्या इतर अॅपची परवानगी रद्द करा, आणि गोठवल्याची वेळ कळवा.

गेल्या तीस दिवसांतल्या प्रत्येक लॉगिनची माहिती द्या: तारीख, सेकंदासह वेळ आणि ती कुठल्या टाइमझोनमधली, आयपी पत्ता, उपकरण आणि ब्राउझर, अॅप की वेब की एपीआय, दुसरी पडताळणी ओटीपीने झाली की अन्य मार्गाने. पासवर्ड, मोबाइल, ईमेल किंवा बँक खातं बदलायचा प्रयत्न झाला असल्यास तोही कळवा. या काळातले मूळ लॉग जपून ठेवा."

रणजित_औंध
सेशनचा मुद्दा मानला. पासवर्ड बदलला तरी उघडं सेशन सगळीकडे बंद होतंच असं नाही.

परीक्षित_नेटवर्क
टाइमझोन विचारायला लावलंत ते बेस. निखिल, ३:५२ हा आकडा कुठे दिसला? आणि अलर्टचा ईमेल किती वाजता आला होता?

निखिल_कोथरूड
अॅपमधल्या लॉगिनच्या यादीत दिसला. अलर्टचा ईमेल सकाळी ९:२३ ला आलेला. उशिरा पाठवतात म्हणजे काय, हाच माझा दुसरा राग आहे.

परीक्षित_नेटवर्क
उशिरा नसेल पाठवला. यादी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असली तर ३:५२ मध्ये साडेपाच तास मिळवा: ९:२२. बाजार उघडल्यावर सात मिनिटांनी. मुंबईचंही मनावर घेऊ नका. मोबाइल डेटावर हजारो लोक एकाच आयपीमागे असतात आणि नकाशावर कंपनीच्या गेटवेचं शहर दिसतं. मी हडपसरमध्ये बसून कित्येकदा मुंबईकर ठरतो. बाबा सव्वानऊला भाव बघतात का?

निखिल_कोथरूड
रोज. चहा आणि भाव. पण ते फोनवर बघतात. यादीत विंडोज आणि क्रोम लिहिलंय. घरात विंडोज फक्त माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे, आणि तो ९:२२ ला माझ्याबरोबर चांदणी चौकात ट्रॅफिकमध्ये होता.

परीक्षित_नेटवर्क
मग बाबांवर ढकलता येत नाही. फोनवर ब्राउझर 'डेस्कटॉप साइट'वर ठेवला असेल तर उपकरण भलतंच दिसू शकतं, पण अँड्रॉइडवर तेव्हा बहुधा लिनक्स येतं. विंडोज आलं म्हणजे मी तरी खरंच विंडोज धरेन.

देशपांडे_बावधन
अकाउंट कुणा सब-ब्रोकरच्या ऑफिसातून उघडलं होतं का? तिथल्या पोराला ओटीपी सांगायची सवय असते वडीलधाऱ्यांना. "काका, जरा एक नंबर येईल तो सांगा."

निखिल_कोथरूड
लक्ष्मी रोडवरच्या एका ऑफिसातून. विचारतो बाबांना.

अण्णा_सदाशिव
सरळ शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे जा. गाडी मात्र नेऊ नका, लावायला जागा मिळत नाही.

मंजिरी_के
पैसे किंवा शेअर गेले असतील तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, त्यात वेळ घालवू नका. अजून काही गेलं नसेल तर ब्रोकर आधी.

निखिल_कोथरूड
फ्युचर काढलं. बाबांच्या आयडीवरून १:४० ला ईमेल गेला, १:५१ ला गोठवल्याचं उत्तर आलं. लॉगिन हिस्ट्रीबद्दल मात्र 'अंतर्गत धोरणानुसार आयपी पत्ता देता येत नाही' असं म्हणतात. बाबा म्हणतात ओटीपी कुणाला दिला नाही. ऑफिसातल्या मुलाचं नाव काढल्यावर गप्प बसले.

मंजिरी_के
नकार लेखी आहे ना, मग त्यावरच उत्तर द्या: निदान वेळ, उपकरण आणि पडताळणीचा प्रकार द्या, आणि लॉग जपल्याचं लेखी कळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात, त्याहून जास्त कुणी ठेवेल असं धरू नका. तरी अडले तर सेबीच्या स्कोर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका, २१ दिवसांत त्यांना काय केलं ते सांगावं लागतं. आयपी मात्र तिथेही हाती येईल असं सांगता येत नाही. तो बहुधा पोलिसांनी मागितला तरच निघतो.

रणजित_औंध
आणि डिमॅट?

मंजिरी_के
हो रणजित, आता करा म्हणावं.

सुमेधा_ग
ते पुन्हा चालू करताना काय लागतं? माझ्या सासऱ्यांचंही अकाउंट असंच मी बघते.