सर्टिफिकेटच्या कीने सीक्रेट पाठवतात म्हणे!

इंटरव्ह्यूगुरू: टिप लिहून ठेवा, एचटीटीपीएस साइट उघडताना काय होतं त्याची. ब्राउझर सीक्रेट की बनवतो, सर्टिफिकेटमधल्या पब्लिक कीने ती एन्क्रिप्ट करून पाठवतो, सर्व्हर प्रायव्हेट कीने उघडतो. झालं हँडशेक!

पॅकेटवाला: हे वाचून चहा गार झाला माझा. एचटीटीपीएसमागचा प्रोटोकॉल टीएलएस, त्याच्या 1.3 मधून ही पद्धत 2018 सालीच हद्दपार झालीये. आता ब्राउझर पहिल्याच हॅलो मेसेजमध्ये स्वतःचा तात्पुरता पब्लिक भाग टाकतो, सर्व्हर उत्तरात त्याचा धाडतो, आणि दोघंही आपापल्या जागी गणित करून तेच सीक्रेट काढतात, म्हणजे ते वायरवरून जातच नाही. सर्टिफिकेट त्यानंतर येतं, तेही एन्क्रिप्ट होऊन, आणि त्याच्या प्रायव्हेट कीला एकच काम उरतं, तोवरच्या सगळ्या बोलण्यावर सही ठोकायची.

इंटरव्ह्यूगुरू: 1.2 मध्ये असंच होतं की. आणि शेवटी रिझल्ट तोच ना?

पॅकेटवाला: तोच कसा? कुणी आज ट्रॅफिक साठवून ठेवला आणि दोन वर्षांनी सर्व्हरची की चोरली, तर तुमच्या पद्धतीत सगळं जुनं उघडं पडतं. नव्यात नाही, कारण तात्पुरत्या की कधीच फेकून दिलेल्या असतात. आणि हो, तात्पुरत्या कींची ही पद्धत, ईसीडीएचई, 1.2 मध्येही होतीच.

नाईटशिफ्ट: उगाच घाबरवू नका. पकडलेला ट्रॅफिक वाचणाऱ्या वायरशार्कला सर्व्हरची की दिली की सगळं दिसतं, मी स्वतः केलंय.

पॅकेटवाला: तुमचा सर्व्हर जुन्या आरएसए सेटिंगवर, म्हणजे गुरूंच्याच पद्धतीवर असणार, पैजेवर सांगतो. मी एका क्लायंटकडे पूर्ण रात्र घालवली, की बरोबर, फाइल बरोबर, तरी कचराच दिसत होता. पहाटे हे चालवलं:

```
openssl s_client -connect example.com:443
```

आउटपुटमध्ये `Temp Key` ची ओळ दिसली, म्हणजे तात्पुरती की, आणि कपाळावर हात मारला. शेवटी `SSLKEYLOGFILE` लावून ब्राउझरकडूनच सेशनची सीक्रेट्स घेतली.

कोपऱ्यातलीखुर्ची: मग आमच्या ऑफिसात आयटीवाले सगळं कसं वाचतात? मी घर शोधतेय हे मॅनेजरला कळलं!!

नाईटशिफ्ट: बघा, म्हणजे तुटतं ना.

पॅकेटवाला: अहो तुटत नाही! त्यांनी लॅपटॉपमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट घातलेलं असतं. तुमचं हँडशेक मध्ये बसवलेल्या कंपनीच्या प्रॉक्सीशी होतं, प्रॉक्सीचं वेगळं साइटशी. अ‍ॅड्रेसच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेटचा इश्युअर बघा, कंपनीचं नाव दिसेल.

कोपऱ्यातलीखुर्ची: दिसलं. शी! पण बँकेच्या साइटवर नाही दिसत?

नाईटशिफ्ट: बँकांच्या साइट आयटीवाले मुद्दाम वगळतात. हे तरी मला माहितीये, साहेब.

पॅकेटवाला: बरं बाबा, हे बरोबर.

कोपऱ्यातलीखुर्ची: आणि फोनवरून ऑफिसचं वायफाय वापरलं तर?

पॅकेटवाला: रूट टाकलेलं नसेल तर आतलं वाचता येत नाही. साइटचं नाव मात्र सहसा पहिल्या हॅलोतच उघडं जातं.

कोपऱ्यातलीखुर्ची: म्हणजे घर शोधतेय हे कळणारच. डेटा पॅक मारते आजच.

इंटरव्ह्यूगुरू: ठीक आहे, पोस्टमध्ये "जुन्या पद्धतीत" असे दोन शब्द घालतो. खूश? इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही माझंच उत्तर पाठ असतं पण.