मदत हवी आहे: ‘पाणी किती अंशांना उकळते?’ याचे पर्याय कसे सुधारू?

नमस्कार मंडळी. शिक्षकांनी काढलेले सातवीचे बहुपर्यायी प्रश्न तपासतेय, एक अडलाय. ‘पाणी किती अंश सेल्सिअसला उकळते?’ पर्याय: 10, 50, 100, 1000. यात 10 आणि 1000 कोण निवडणार? नावापुरतेच आहेत ते. म्हणून एका सरांनी 95 आणि 105 सुचवले. पण महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथं पाणी साधारण 95-96 अंशांनाच उकळतं. मग 95 चूक कसं म्हणायचं? प्रश्नात ‘समुद्रसपाटीला’ घालते, पण तरी तपासलं जाणार पाठांतरच. गॅस मोठा केला की उकळतं पाणी आणखी तापतं, असं बऱ्याच मुलांना वाटतं. हा गैरसमज पर्यायात येईल असा प्रश्न कसा विचारू? कुणाकडे नमुना आहे का?