मदत हवी आहे: थीटा शेवटी वाढतो, मग लांबच्या स्ट्राइकचा का घटतो?

अ‍ॅट द मनी ऑप्शनचं गणित जमलं. प्रीमियम उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ३६ दिवस असताना ६० असेल तर २५ ला ५०, ९ ला ३०. पहिल्या ११ दिवसांत १० गेले, शेवटच्या ९ दिवसांत ३०! भाव आणि आयव्ही स्थिर, व्याजदर शून्य धरलाय.

पण त्याच कॅल्क्युलेटरवर लांबचा आउट ऑफ द मनी कॉल टाकला, तर थीटा आधी वाढतो आणि शेवटच्या आठवड्यात उलट घटतो. आयव्ही बदलून पाहिली, फक्त वळणाचा दिवस सरकला. अंतर उरलेल्या काळाच्या एका स्टँडर्ड डेव्हिएशनपलीकडे गेलं की थीटा उतरतो, असं दिसतंय. (विकायचा विचार नाही, नुसतं समजून घ्यायचंय.) हे वळण नेमकं तिथेच का येतं?