तूप घातलेली कॉफी: खरंच फायदा, की नुसत्या वाढीव कॅलरी?

मधुरा, ठाणे
गेले काही महिने सकाळी साडेसातला घरातून निघताना नेहमीच्या दुधाच्या कॉफीऐवजी काळी कॉफी घेते, दोन चमचे साजूक तूप घालून मिक्सरमधून फिरवलेली. जिमच्या ट्रेनरने सांगितलं होतं की याने उपवास मोडत नाही, चरबी जळते आणि दुपारपर्यंत तरतरी राहते. तरतरी वाटते हे खरं. पण वजन उतरायचं सोडून थोडं वाढलंय. अकराला ऑफिसात पोहे नाहीतर इडली असतेच. वय 41, बाकी काही आजार नाही. चालू ठेवू की बंद करू?

अद्वैत, कोथरूड
बंद अजिबात करू नका. गडबड तुपात नाही, अकराच्या पोह्यांत आहे. वजनाचा खेळ इन्सुलिनचा असतो आणि तुपाने इन्सुलिन जवळजवळ हलत नाही. म्हणजे सकाळी तुम्ही उपाशीच आहात असं शरीराला वाटतं आणि ते साठवलेली चरबी वापरत राहतं. पोहे-इडली थांबवा, थेट दुपारी जेवा. मी वर्षभर हेच करतोय. नऊ किलो उतरले, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आले, उपाशीपोटीची साखरही खाली आली.

शुभांगी, नाशिक
मधुराताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न हल्ली माझ्याकडे बऱ्याचदा येतो. आधी तुमचाच हिशोब मांडू.

तूप म्हणजे जवळपास शुद्ध स्निग्ध पदार्थ, एका ग्रॅमला 9 कॅलरी. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं, म्हणून ते सातच्या आसपास येतं. चहाचा सपाट चमचा तूप म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, 45 कॅलरी. पण ‘दोन चमचे’ म्हणणारी माणसं बहुतेक वेळा पोह्यांचा चमचा वापरतात, आणि थिजलेलं तूप असेल तर तो शिगोशीग भरलेला असतो. तुमचे दोन चमचे मिळून 30 ग्रॅम धरू. झाल्या 270 कॅलरी. पूर्वीच्या कॉफीत शंभर मिली दूध आणि चमचाभर साखर असेल तर ती 85 च्या आसपास होती. अकराचं खाणं तसंच राहिलं. म्हणजे रोज 185 कॅलरींची भर पडली, महिन्याला साडेपाच हजार. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. शरीर थोडंफार जुळवून घेतं, त्यामुळे काट्यावर अगदी तेवढीच वाढ दिसणार नाही. पण वजन का उतरलं नाही, याला यापेक्षा वेगळं कारण शोधायची गरज नाही.

आता अद्वैत म्हणतात त्याबद्दल. तुपाने इन्सुलिन फारसं वाढत नाही, हे बरोबर. पण त्यावरून ‘अंगातली चरबी जळतेय’ असा निष्कर्ष निघत नाही. सकाळी शरीर चरबी जाळत असेल तर आधी कपातली जाळेल, कारण ती नुकतीच आत आली आहे आणि वापरायला समोर आहे. अंगावरची चरबी तेव्हाच कमी होते, जेव्हा दिवसभरात खाल्लेलं खर्चापेक्षा कमी पडतं. इन्सुलिन कमी ठेवून 270 कॅलरी प्यायल्या, तरी त्या 270 च राहतात.

तरतरी कॅफिनची आहे. तेच कप तूप न घालता प्यायलात तरी ती येईल. तुपाने पोट भरल्यासारखं वाटतं, तेही खरं, पण अंडं, मुगाचं धिरडं किंवा दही याने जितका वेळ भूक लागत नाही तितका वेळ नुसत्या तुपाने सहसा निघत नाही. प्रथिनं त्यात नाहीतच. दुधाच्या कॉफीत निदान तीन-चार ग्रॅम तरी होती, ती गेली.

विनायक, सातारा
मी फौजेत असताना लेहला होतो. तिथे गुरगुर चहा रोजचा. लोणी, मीठ आणि चहा लाकडी नळकांड्यात घुसळून करतात, साखर नाही. साडेअकरा हजार फुटांवर हाडं गोठवणारी थंडी, कोरडी हवा, दिवसभर चढउतार, आणि ताजी भाजी वर्षातले मोजकेच महिने. तिथला माणूस दिवसातून अनेकदा तो पितो आणि त्याला ते मानवतं. ही कॉफीसुद्धा तिबेटच्या त्याच चहावरून सुचली असं अमेरिकेतला डेव्ह ॲस्प्री स्वतः सांगतो. त्याने तिला ‘बुलेटप्रूफ’ नाव दिलं आणि पुढे त्याच नावाने कॉफी आणि तेल विकायला कंपनी काढली. ठाण्यात एसीत बसून काम करणाऱ्या पोरीला डोंगरातल्या माणसाची न्याहारी कशाला हवी, हे मला समजत नाही. त्यापेक्षा तेच तूप दुपारी वरणभातावर घे पोरी.

अद्वैत, कोथरूड
काका, मूळ कृतीत नुसतं लोणी नाही, एमसीटी तेलही आहे. त्याचे मेद मध्यम साखळीचे असतात. ते थेट यकृतात जातात आणि त्यांचे कीटोन बनतात, मेंदूला तेच इंधन मिळतं. तुपातही ते असतात. खोबरेल तेल घातलं तर आणखी उत्तम.

शुभांगी, नाशिक
अद्वैत, एमसीटीबद्दल तुम्ही सांगताय ते त्या तेलाला लागू आहे, तुपाला नाही. तुपात आठ आणि दहा कार्बनची आम्लं मिळून जेमतेम तीन-चार टक्के असतात. 30 ग्रॅममध्ये एक ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याने कीटोन मोजण्याइतकेही हलणार नाहीत. खोबरेल तेलात मोठा भाग लॉरिक आम्लाचा असतो आणि त्यातलं बरंचसं साध्या तेलासारखंच पचतं. खरं एमसीटी तेल वेगळं काढलेलं असतं. ते एकदम मोठा चमचाभर घेतलं तर अनेकांना पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. शिवाय त्याच्याही चमच्याला शंभराच्या वर कॅलरी आहेतच.

आणि तुमचे ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आले, साखर उतरली, त्याचं श्रेय मी तुपाला देणार नाही. सकाळचं खाणं सुटलं, सोबत साखर आणि भात-पोळीही कमी झाली असणार, नऊ किलो गेले. एवढं झालं की ते दोन्ही आकडे उतरतात. त्याच रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, किती आहे?

प्राची, मडगाव
माझा प्रश्न थोडा वेगळा. मला काळी कॉफी बाधते, छातीत जळजळते. तूप घातलं की आम्लपणा मरतो असं बहीण म्हणते. मी सुरू करू का?

शुभांगी, नाशिक
प्राचीताई, तुमच्या बाबतीत उलटं होण्याची शक्यता जास्त. स्निग्ध पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतो, आणि अन्ननलिकेच्या तळाशी जी झडप आहे ती त्याने सैल पडते. कॉफीही काही जणांत तेच करते. दोन्ही एकत्र, तेही रिकाम्या पोटी, म्हणजे घशाशी येण्याला निमंत्रण. पित्ताशयात खडे असतील तर मात्र याच्या वाटेला मुळीच जाऊ नका. एवढं तूप एकदम गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं आणि कळ येऊ शकते.

नितीन, डोंबिवली
एक महत्त्वाची गोष्ट कोणी लिहिली नाही. माझ्या मेहुण्यांनी ‘याने उपवास मोडत नाही’ हे इतकं मनावर घेतलं की रक्त तपासणीच्या दिवशीही लोण्याची कॉफी पिऊन लॅबमध्ये गेले. विचारल्यावर ‘उपाशी आहे’ म्हणाले. ट्रायग्लिसराइड 310 आले, डॉक्टर गोळी लिहायच्या तयारीत. पुढच्या आठवड्यात फक्त पाण्यावर राहून परत तपासलं तर 160.

शुभांगी, नाशिक
नितीनदादा, हे लिहिलंत ते फार बरं केलं. प्यायलेलं लोणी पुढचे काही तास रक्तात ट्रायग्लिसराइड म्हणूनच फिरत असतं. त्यात आणखी एक गोची आहे. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड खोटे वाढले की एलडीएल खोटं कमी दिसतं. म्हणजे तूप-कॉफी पिणाऱ्याला नेमका जो आकडा पाहायला हवा, तोच बिघडतो.

अद्वैत, कोथरूड
माझं एलडीएल आधी 118 होतं, आता 164. पण ट्रायग्लिसराइड कमी आणि एचडीएल जास्त असलं की एलडीएलचे कण मोठे, फुगीर असतात आणि ते धमनीत अडकत नाहीत, असं मी वाचलंय. म्हणून मी काळजी करत नाही.

शुभांगी, नाशिक
इथे मात्र मला काळजी वाटते, आणि ती स्पष्ट सांगते. 118 चं 164 होणं ही लहान गोष्ट नाही. वजन उतरताना एलडीएल सहसा थोडं कमी व्हायला हवं, तुमचं वाढलंय. तुपातला साधारण साठ टक्के भाग संपृक्त असतो. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेद दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. 1800 कॅलरी खाणाऱ्याला ते 20 ग्रॅम होतात, आणि 30 ग्रॅम तुपात 18 सकाळीच संपतात. मग दूध, पनीर, शेंगदाणे, फोडणी यांना जागा कुठे उरते?

कॉफी कशी करता, यानेही फरक पडतो. उकळलेल्या किंवा फ्रेंच प्रेसच्या कॉफीत असे तेलकट घटक राहतात जे स्वतःच एलडीएल वाढवतात. कागदी फिल्टर ते अडवतो, इन्स्टंटमध्ये ते फार थोडे असतात.

मोठ्या कणांचं म्हणाल तर मोठा कणही धमनीच्या भिंतीत शिरतो. एकूण कण किती आहेत हे जास्त महत्त्वाचं. ते कळायला अपो-बी नावाची तपासणी आहे, ती करून घ्या.

अद्वैत, कोथरूड
अपो-बी करेन. पण वर्षभरात मला जे बरं वाटलंय ते एका आकड्यासाठी सोडणार नाही. दुपारपर्यंत भूक नाही, खाण्याचा विचारही नाही. हे मला पूर्वी कधीच जमलं नव्हतं. ते मोजणारी तपासणी कुठल्या लॅबमध्ये होते?

शुभांगी, नाशिक
ते बरं वाटणं मी नाकारत नाही. न्याहारी पूर्ण सोडून फक्त ही कॉफी घेणाऱ्याच्या एकूण कॅलरी कमी होऊ शकतात, तुमच्या झाल्या. माझा आग्रह एवढाच की तेच वेळापत्रक बिनतुपाच्या काळ्या कॉफीवर दीड महिना चालवून पाहा आणि मग एलडीएल पुन्हा बघा. एवढ्या काळात आहाराचा फरक रिपोर्टमध्ये दिसतो.

मधुरा, ठाणे
आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझे दोन चमचे तोलले. 37 ग्रॅम भरले. म्हणजे 333 कॅलरी, आणि मी त्यावर पोहे खातेय. उद्यापासून पूर्वीची कॉफी, साखर अर्धा चमचा. अकराला पोह्यांऐवजी उकडलेली अंडी न्यायचा विचार आहे. तूप चहाचा एक चमचा, दुपारच्या वरणावर. अद्वैत, राग मानू नका, पण माझा बांधा आणि दिवस तुमच्यासारखा नाही. शुभांगीताई, लिपिड प्रोफाइल लगेच करू की थांबू?

शुभांगी, नाशिक
आता एकदा करा आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. आत्ताचा आकडा नसेल तर तुपाने काय केलं होतं ते कधीच कळणार नाही. बारा तास फक्त पाणी, काळी कॉफीसुद्धा नको. अद्वैत, तुमच्या अपो-बीला उपाशी जायचीही गरज नाही, नेहमीच्या लॅबमध्ये विचारा, मोठ्या लॅबमध्ये ती होते.