कोरफडीचा रस, रोजचे जुलाब आणि पोटॅशियम २.९ : आईसाठी मदत हवी आहे

धागाकर्ती : कृष्णाकाठ
आई ६४ वर्षांची, साताऱ्याला असते. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी एकत्र गोळी बरीच वर्षं चालू आहे. दीडेक महिन्यापूर्वी शेजारच्या काकूंचं ऐकून तिने रोज सकाळी अनशापोटी कोरफडीचा रस सुरू केला. कुंडीतलं पान तोडायचं, कडेचे काटे काढायचे, सालीसकट मिक्सरमधून फिरवून गाळायचं आणि अर्धा पेला प्यायचा. तेव्हापासून संध्याकाळी पोटात मुरडा येऊन तीन-चार वेळा पातळ होतं. "पोट साफ होतंय," म्हणते.

आता रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि जिना चढताना पाय उचलत नाहीत. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९, क्रिएटिनिन ठीक. डॉक्टरांनी पोटॅशियमचं सिरप दिलंय. रसाचं मात्र तिने त्यांना सांगितलेलंच नाही. ते काय औषध आहे का, म्हणते. रस सकाळी आणि जुलाब संध्याकाळी, मग याचा त्याच्याशी संबंध असू शकतो का? मला तिला पटेल असं काहीतरी सांगायचंय.

माळरान
कोरफड थंड असते, तिने कसला त्रास होणार? मी वर्षानुवर्षं गर चेहऱ्याला लावते, कधी पुरळसुद्धा आलं नाही. बाहेरचं काही खाल्लं असेल त्यांनी.

कृष्णाकाठ
ताई, लावण्याचं नाही, पिण्याचं विचारतेय. आणि घरात बाकी कुणालाच काही झालेलं नाही.

बोरीबंदर
जुलाबातून पोटॅशियम जातं हे खरं. नारळपाणी आणि केळी वाढवा, भरून निघेल. रस बंद करायची गरज नाही, फक्त निम्मा करा.

औषधखिडकी
बोरीबंदर, पहिलं वाक्य बरोबर, पण निम्मा करण्याचा सल्ला कृपया देऊ नका. मी रुग्णालयाच्या फार्मसीत काम करतो.

पान कापल्यावर सालीलगत पिवळा, कडू चीक येतो. मधला पारदर्शक गर वेगळा आणि हा चीक वेगळा. हाच वाळवला की काळा बोळ होतो, आणि तो पूर्वापार रेचक म्हणून वापरतात. त्यात अ‍ॅलोइन असतं. ते जठरात काहीच करत नाही. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्याचं रूपांतर करतात, मग आतडं जोरात आकसतं आणि पाणी शोषून घेण्याऐवजी बाहेर सोडतं. याला सहा ते बारा तास लागतात. म्हणून सकाळचा रस संध्याकाळी मुरडा आणतो आणि कुणाला संशय येत नाही. सालीसकट वाटल्यावर चीक सगळा रसात उतरतो. चव विचारा, नुसता गर जवळजवळ बेचव असतो.

आता गोळीचं. क्लोरथॅलिडोनमुळे लघवीतून पोटॅशियम जातं, जुलाबांमुळे शौचातून. दोन्ही वाटांनी गळती चालू असताना केळी पुरी पडत नाहीत. उलट टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं, त्यामुळे रस थांबल्यावर सिरप आणि नारळपाणी दोन्ही मनाने चालू ठेवलं तर ते नको तितकं वाढू शकतं. मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या. रस आजच बंद करा आणि त्यांना फोन करून सांगा. पाय उचलत नाहीत म्हणताय, तर ईसीजी आणि मॅग्नेशियमचंही विचारा. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम लवकर वर येत नाही. छातीत धडधड, चक्कर किंवा हातापायातली ताकद आणखी कमी झाली तर थेट रुग्णालय गाठा.

सह्यकडा
पण गोळी एकटीसुद्धा पोटॅशियम उतरवते. माझ्या वडिलांचं तसंच झालं, त्यांनी कोरफड कधी चाखलीही नव्हती. आधीचा रिपोर्ट आहे का?

कृष्णाकाठ
दिवाळीच्या आधीचा आहे, ३.७. गोळी तेव्हाही हीच होती. रस कडूजहर लागतो म्हणे, म्हणून वर गुळाचा खडा खाते.

औषधखिडकी
मग रसावरचा संशय बळकट होतो. खात्री मात्र रस थांबल्यावर जुलाब थांबतात का आणि पुढचा आकडा काय येतो, यावरूनच होईल. आईंना हे सांगून पाहा : अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा चीक काढायला लावला, कारण उत्पादकांनी तो सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा दिला नाही.

माळरान
चीक धुऊन काढला तर? आमच्याकडे पान उभं ठेवून निथळू देतात.

औषधखिडकी
निथळल्यावर बराच जातो, सगळा नाही. हिरवी साल आणि तिच्या आतला पिवळसर थर जाडसर कापून टाकून गर धुतला, तर आणखी कमी होतो. पण घरी किती उरला हे मोजता येत नाही, आणि पाणी काढणाऱ्या गोळीवर असलेल्या माणसाने तो अंदाज घेऊ नये.

कृष्णाकाठ
डॉक्टरांशी बोलले. रस बंद, गोळी तूर्त बदलून दिली, ईसीजीला आज संध्याकाळी नेतोय. परवा पुन्हा रक्त तपासणार. काकू म्हणतायत की बाटलीतला रस चालेल, त्यात चीक नसतो. त्याबद्दल कुणी सांगेल का?

औषधखिडकी
साल काढून केलेल्या किंवा कोळशातून गाळलेल्या रसात अ‍ॅलोइन फार कमी असतं. पण लेबलवर संपूर्ण पानाचा रस लिहिलं असेल आणि अ‍ॅलोइनचं प्रमाण दिलं नसेल, तर आत किती आहे हे मलाही सांगता येणार नाही. लेबलचा फोटो टाका.